‘मोअर’ म्हणजे बेरीज नव्हे

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या नातीचं प्रगतीपुस्तक घरी आलं. तिला आम्ही लाडाने गुड्डी म्हणतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ती तिसरीत होती. गणिताच्या खाली शिक्षिकेचा शेरा होता की मुलगी गणितात कच्ची आहे, पालकांनी लक्ष द्यावं. सूनबाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि त्याच रात्री घरात नवा नियम झाला. मला त्या म्हणाल्या, “अम्मी, आजपासून गुड्डीशी घरच्या बोलीत नक्को बोलो. इंग्लिशच बोला. आपल्या बोलीमुळेच ती मागे पडतेय.”

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, पण इंग्रजीत गप्पा मारण्याइतकी माझी तयारी नाही. त्यामुळे या नियमाचा अर्थ एवढाच झाला की मी आणि गुड्डी जवळजवळ गप्प झालो. ती शाळेतून यायची, मी “कम, ईट” म्हणायचे, ती खायची आणि निघून जायची. दिवसभराच्या तिच्या तक्रारी आणि ‘दादी, असं का?’ हे सगळं थांबलं.

आठवडाभर मी ते सोसलं. मग एका दुपारी तिचा पेपर मागून घेतला. एका प्रश्नावर लाल फुली होती. प्रश्नाचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: अमीनाकडे 8 बांगड्या आहेत. तिच्याकडे सारापेक्षा 3 जास्त आहेत. तर साराकडे किती? गुड्डीने 8 आणि 3 मिळवून 11 लिहिलं होतं.

मी तिला विचारलं, “बेरीज का केलीस?” ती चटकन म्हणाली, “मोअर लिहिलंय ना दादी. मोअर म्हणजे प्लस.” शिकवणीत मुलांना तशी युक्तीच दिली होती: ‘मोअर’ दिसलं की बेरीज, ‘लेफ्ट’ दिसलं की वजाबाकी.

इथे मला माझ्या नोकरीतलं एका प्रशिक्षणात शिकवलेलं तंत्र आठवलं. अ‍ॅन न्यूमन नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधक बाईंनी 1977 च्या सुमारास ते मांडलं. शाब्दिक उदाहरण चुकलं की ‘पुन्हा कर’ म्हणायचं नाही. मुलाला पाच गोष्टी क्रमाने करायला सांगायच्या. प्रश्न मोठ्याने वाच. प्रश्नात काय आहे आणि काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. उत्तर काढायला काय करशील ते सांग. आता बोलत बोलत करून दाखव. शेवटी उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर पहिल्यांदा अडखळतं, तिथे त्याचा खरा अडथळा असतो. न्यूमनबाईंना आणि त्यांच्यानंतर हे तंत्र वापरणाऱ्यांना असं आढळलं की मुलांच्या पुष्कळशा चुका आकडेमोडीच्या आधीच्या पायऱ्यांवर झालेल्या असतात. म्हणजे मूल हिशेबाला लागण्याआधीच चुकलेलं असतं आणि आपण मात्र त्याला पाढे पाठ करायला बसवतो.

गुड्डीने पहिली पायरी झकास पार केली. एकही शब्द न अडखळता तिने प्रश्न वाचला. दुसऱ्या पायरीवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तर ती गप्प. मग नियम मोडून घरच्या बोलीत विचारलं. ती म्हणाली, “अमीनाकडे आठ आहेत, आणि तिला अजून तीन मिळाल्या.” प्रश्नातली सारा तिच्या सांगण्यात कुठेच नव्हती. तिने उदाहरण चुकीचं सोडवलं नव्हतं. तिच्यापर्यंत जे उदाहरण पोहोचलं होतं, ते तिने बरोबर सोडवलं होतं.

सूनबाईंना हे पटेना. “ती एवढं फाडफाड वाचते, मग समजत नाही असं कसं?” आपल्या घरांत तरी हे समजायला अवघड जाऊ नये. गुड्डी मकतबला जाते, कुरआन शरीफ नाजिरा वाचते. हरफ आणि उच्चार ठीक आले की उस्तादजी तिला शाबासकी देतात. अरबीचा अर्थ तिला अजून येत नाही हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तिलावत शिकणं हाच पहिला हेतू आहे आणि तो पुरा होतो. पण गणिताचं आणि परिसर अभ्यासाचं पुस्तकही जर मूल नाजिरासारखं वाचू लागलं, तर तिथला हेतू पुरा होत नाही. वाचता येणं आणि उमगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला मकतबमुळे आधीच माहीत असतं. शाळेच्या बाबतीत आपण ते विसरतो.

आता प्रश्न असा होता की गुड्डीला कल्पनाच कळलेली नाही, की कल्पना आहे आणि फक्त शब्द अडतोय? दोन्हीवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकी मराठीत विचारलं, “अमीनाकडे सारापेक्षा तीन बांगड्या अधिक आहेत, तर साराकडे किती?” तिने पुन्हा अकरा सांगितलं. मी थोडी चिडलेच. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की चूक माझी होती. शाळेतल्या मराठीत बेरजेच्या चिन्हालाच आपण ‘अधिक’ म्हणतो. ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’ हे मीच हजारो वेळा फळ्यावर लिहिलंय. म्हणजे ‘मोअर’मध्ये जो सापळा होता, तोच ‘अधिक’मध्येही होता. मी तिला मातृभाषेत विचारलंच नव्हतं. एका पुस्तकी भाषेतून दुसऱ्या पुस्तकी भाषेत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दस्तरखान घालताना मी तिला हाक मारली. घरी पाहुणे होते, जेवायला आठ माणसं. मी मुद्दाम पाचच ग्लास काढले आणि म्हटलं, “गुड्डी, आठ जण बसणार आणि ग्लास पाच. प्रत्येकाला एकेक दिला तर किती जणांना मिळणार नाही?” तिने बोटंही मोडली नाहीत. “तीन जनांकू नइ मिलता!” म्हणाली आणि स्वयंपाकघरात ग्लास आणायला पळाली.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. टॉम हडसन या संशोधकाने 1983 साली लहान मुलांवर केलेल्या प्रयोगातून तो मी उचलला. त्याने मुलांना चित्र दाखवलं: काही पक्षी आणि त्यांच्यापेक्षा कमी किडे. आधी विचारलं, “किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?” बालवाडीच्या वयाच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांनाच हे जमलं. मग तेच चित्र दाखवून विचारलं, “सगळे पक्षी किडा पकडायला धावले, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?” आता जवळजवळ सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं. चित्र तेच, आकडे तेच आणि भाषाही मुलांची स्वतःचीच होती. फक्त वाक्य बदललं होतं. जोड्या लावून उरलेले मोजायचे, ही समज मुलांकडे होती. ‘कितीने जास्त’ हा शब्दप्रयोग त्या समजेपर्यंत पोहोचत नव्हता. एकच भाषा असलेल्या मुलांचं जर असं होतं, तर घरी एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलाचं काय होत असेल, याचा विचार करावा.

गुड्डीचं निदान झालं होतं. फरक म्हणजे काय ही कल्पना तिच्याकडे होती आणि ती घरच्या बोलीत होती. आता तिथून पूल बांधायचा होता. पहिले दोन दिवस आम्ही फक्त ताटं, चमचे, चपला यांच्या जोड्या लावल्या आणि जे उरेल त्याला ‘इतके जास्ती’ म्हणायला शिकलो. ‘मिळालं नाही’ आणि ‘जास्ती’ हे एकाच गोष्टीला दोन बाजूंनी बघणं आहे, हे तिला चपलांवरून कळलं.

तिसऱ्या दिवशी कागदावर दोन पट्ट्या काढल्या, एक अमीनाची आणि तिच्याखाली एक साराची. आकडा लिहिण्याआधी मी एकच प्रश्न ठरवून ठेवला होता: “लांब पट्टी कुणाची?” वाक्य वाचायचं, लांब पट्टी कुणाची ते ठरवायचं, मगच आकडे भरायचे. अमीनाची लांब, त्यात आठ. दोघींच्या पट्ट्या जिथपर्यंत सारख्या आहेत तिथे रेघ, आणि रेघेच्या पुढे उरलेल्या तुकड्यात तीन. मग साराची पट्टी किती, हे ती बघूनच म्हणाली: पाच.

त्यानंतर आम्ही इंग्रजी वाक्याकडे परत गेलो आणि तिथे एक गंमत दिसली. आपण ‘सारापेक्षा’ म्हणतो, घरच्या बोलीत ‘सारा से’ म्हणतो. कुणाशी तुलना चाललीय ते आपल्याकडे आधी येतं आणि ‘जास्त’ नंतर. इंग्रजीत ‘मोअर’ आधी येतं आणि ‘दॅन सारा’ वाक्याच्या शेवटी. ‘मोअर’ दिसताच बेरीज करणारं मूल ‘दॅन’पर्यंत पोहोचतच नाही. मी गुड्डीला सांगितलं की ‘दॅन’खाली रेघ मार आणि ‘दॅन’नंतर जिचं नाव आहे तिची पट्टी कोणती ते आधी काढ. ‘मोअर’ असेल तर आखूड, ‘लेस’ असेल तर लांब. शब्दावरून थेट क्रिया ठरवायची नाही. ही सवय मोडायला तीन आठवडे लागले. त्यात तिला कमी लेखण्यासारखं काही नाही. ज्या उदाहरणात शब्द ‘जास्त’ असतो आणि करायची असते वजाबाकी, तिथे कॉलेजातले विद्यार्थीसुद्धा उलटी क्रिया करून बसतात, असं 1987 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे.

शेजारचा एक मुलगा त्या दिवसांत गुड्डीबरोबर बसायचा. त्यालाही मी ग्लासांचा प्रश्न घरच्या बोलीत विचारला. त्याला तो तिथेही सुटेना. वस्तू समोर ठेवूनही जोड्या लावायचं त्याला सुचत नव्हतं. त्याच्यासाठी इंग्रजी वाक्य सोपं करून किंवा भाषांतर करून काही साधलं नसतं. त्याला आधी महिनाभर वस्तू हाताळायची गरज होती. म्हणूनच दोन्ही भाषांत तपासायचं असतं. घरच्या बोलीत सुटलं आणि शाळेच्या भाषेत अडलं, तर शब्द शिकवा. दोन्हीकडे अडलं, तर कल्पना घडवा, आणि ती त्या भाषेत घडवा ज्या भाषेत मूल न घाबरता ‘असं का?’ विचारू शकतं.

सूनबाईंची दुसरी शंका रास्त होती. “गुड्डी मैत्रिणींशी इंग्लिशमध्ये भांडतेसुद्धा, मग तिला इंग्लिश येत नाही असं कसं म्हणायचं?” कॅनडातले जिम कमिन्स यांनी याच कोड्यावर काम केलं. परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या चारशेहून अधिक मुलांचे मानसशास्त्रीय तपासणीचे कागद त्यांनी पाहिले. मूल इंग्रजी सहज बोलतंय म्हणजे भाषेची अडचण संपली, असं शिक्षक आणि तपासनीस गृहीत धरत होते. मग परीक्षेत गुण कमी पडले की दोष मुलाच्या बुद्धीवर जात होता. कमिन्स यांनी दाखवलं की खेळण्याबोलण्यापुरती नवी भाषा सुमारे दोन वर्षांत येते. पण पुस्तकातली, तुलना आणि कारणं मांडणारी भाषा वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. गुड्डी तिसरीत होती. भांडण्यापुरतं इंग्रजी तिला आलं होतं, पण ‘मोअर दॅन’पर्यंत ती अजून पोहोचायची होती. आणि कॅनडातल्या त्या मुलांच्या भोवती दिवसभर इंग्रजी होतं. आमच्या गल्लीत ते नाही.

“मग मराठी नाहीतर उर्दू शाळेत घालायला हवं होतं का?” हे माझ्या मुलाने विचारलं. याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही, पण एक प्रयोग मी त्याला सांगितला. नायजेरियात 1970 साली इफे विद्यापीठाच्या प्राध्यापक बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने एका शाळेत सहा वर्षं सगळे विषय योरुबा या मुलांच्या भाषेत शिकवले गेले. इंग्रजी हा एक विषय म्हणून राहिला आणि तो शिकवायला खास तयारीचे शिक्षक होते. तुलनेच्या वर्गांत पहिली तीन वर्षं योरुबा आणि मग सगळं इंग्रजीत अशी नेहमीची पद्धत होती. सहा वर्षांनंतर योरुबात शिकलेली मुलं इतर विषयांत पुढे होती आणि इंग्रजीतही मागे नव्हती. अर्थात त्या मुलांसाठी नवी पुस्तकं लिहिली गेली होती, शिक्षक तयार केले गेले होते. फक्त माध्यम बदलून आणि बाकी सगळं तसंच ठेवून हा निकाल मिळेल असं कुणी समजू नये.

शिवाय आमच्यासारख्या घरांत मातृभाषा म्हणजे कोणती, हाही प्रश्नच आहे. जनगणनेच्या कागदावर आम्ही उर्दू लिहितो, बाजारात मराठी बोलतो आणि चुलीपाशी जी बोली बोलतो ती दोन्हीपैकी कुठल्याच पुस्तकात नाही. कोकणातल्या घरांत ती कोकणी असेल. उर्दू शाळेतल्या मुलालाही पुस्तकातली भारी उर्दू परकी वाटू शकते, तशी माझी ‘अधिक’वाली मराठी गुड्डीला वाटली.

आणि मातृभाषेत सगळंच सोपं असतं असंही नाही. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना वीसचा दोन आधी लागतो. एकोणसाठमध्ये ऐकू येतो साठ आणि लिहायचा असतो पन्नासचा पाच. याच अडचणीवरून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यानावं जोडीला दिली गेली, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. इथे इंग्रजीचं ‘फिफ्टी नाइन’ सरळ आहे. गुड्डी पाढे इंग्रजीत शिकली आहे. तिचे अब्बा मराठीत “सात आठे?” विचारतात तेव्हा ती थबकते आणि त्यांना वाटतं पाढे विसरली. अमेरिकेत एलिझाबेथ स्पेल्के आणि सन्ना सिव्किन यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांवर 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेमक्या बेरजा ज्या भाषेत शिकवल्या, त्या भाषेत त्यांची उत्तरं लवकर आली आणि दुसऱ्या भाषेत वेळ लागला. अंदाजाच्या हिशेबात मात्र भाषेने फरक पडला नाही. तेव्हा पाठांतर ज्या भाषेत झालंय त्याच भाषेत विचारावं. अर्थ मात्र मुलाच्या भाषेत उलगडावा.

गुड्डीची शाळा आम्ही बदलली नाही. घरातला नियम बदलला. आता ती रोज एक शाब्दिक उदाहरण मला घरच्या बोलीत ‘गोष्ट’ म्हणून सांगते, मी पट्ट्या काढायला लावते आणि उत्तर ती इंग्रजीत लिहिते. मार्चमधल्या परीक्षेत तिची तीन शाब्दिक उदाहरणं चुकली. त्यातली दोन तिने घरी येऊन स्वतःच दाखवली, कुठे चुकली ते सांगत. सूनबाई भाजी निवडत ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी ग्लास मांडताना त्यांनीच तिला विचारलं, “किते कम पडते, देख.”

माझ्या मनातून मात्र एक मुलगा जात नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तो माझ्या चौथीच्या वर्गात होता. घरी आमच्याच बोलीत बोलणारा, शाळेत पुस्तकी मराठी. शाब्दिक उदाहरणं त्याची नेहमी चुकायची. त्याचे वडील भेटायला आले तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं की याचं डोकं अभ्यासात चालत नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि पुढच्या वर्षी त्याला गॅरेजला लावलं. मला त्याची बोली येत होती. एकदाही मी त्याला त्या बोलीत प्रश्न विचारला नाही, कारण शाळेत ती बोलायची नसते असं मीच मानत होते. आज तो पाहुण्यांच्या गाड्यांचा हिशेब तोंडी करतो, कितीचा पार्ट आणि कितीने स्वस्त पडेल हे क्षणात सांगतो. फरक काढणं त्याला तेव्हाही येत असणार. विचारायचं राहिलं ते माझ्याकडून.